डिटेक्टर ७१ टक्के म्हणतोय, आता विद्यार्थिनीशी बोलू कसं?

ओंजळ (सोमवार, रात्री ९:४०)

मी एका तालुक्याच्या गावी एस.वाय.बी.ए.ला समाजशास्त्र शिकवते. या सत्रात ‘आपल्या भागातला आठवडी बाजार’ या विषयावर बाराशे शब्दांची असाइनमेंट दिली होती, इंग्रजीतून. ६२ जणांनी दिली. कॉलेजने यंदा नवीन सॉफ्टवेअर घेतलंय, त्यात कॉपीच्या टक्क्यांशेजारी आता एआयचे टक्केही येतात. नऊ जणांचा आकडा मोठा आलाय. त्यातली एक मुलगी ७१ टक्के.

ही मुलगी बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. पहिल्या बाकावर बसते, वर्गात फारसं बोलत नाही, पण वही नीट असते. तिचा निबंध मी तीनदा वाचला. सुरुवातीचे दोन परिच्छेद आणि शेवटचा परिच्छेद सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमध्ये पूर्ण रंगवलेले आहेत. मधला भाग, जिथे ती बाजारात बांगड्या विकणाऱ्या बाईशी बोलली आहे, तो जवळपास कोरा. त्या भागातलं इंग्रजी चुकलेलं आहे, पण बाई डोळ्यांसमोर उभी राहते.

विभागप्रमुख म्हणतात, यूजीसीचे टप्पे आहेत, साठच्या वर सरळ शून्य द्या आणि पालकांना पत्र पाठवा. मला ते पटत नाही. या आकड्यावरून कुणाला दोषी ठरवायचं नाही, आधी बोलायचं, एवढं माझं ठरलंय. पण बोलायचं कसं? ‘तू एआय वापरलंस का’ असं विचारलं तर निर्दोष मुलगी रडेल आणि दोषी मुलगा नाही म्हणेल. दोन्हीतून मला काहीच कळणार नाही. ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगावं.

तात्या_नगरकर (सोमवार, रात्री १०:०५)

मी इंजिनिअरिंगला शिकवतो. मॅडम, तुमची भावना समजते, पण या कंपन्या सांगतात की चुकून निर्दोष पकडला जाण्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी आहे. म्हणजे पकडलेला विद्यार्थी दोषी असण्याची खात्री ९९ टक्के. आमच्याकडे शंका आली तर मी तीन वेगवेगळ्या डिटेक्टरमध्ये टाकून बघतो. तिघांनी तेच सांगितलं की विषय संपला. प्रत्येकाशी बसून गप्पा मारायला वेळ कुणाकडे आहे? माझ्याकडे चार तुकड्या आहेत.

कार्डकॅटलॉग (सोमवार, रात्री ११:१०)

मी महाविद्यालयीन ग्रंथपाल आहे. आमच्याकडचे हे सगळे रिपोर्ट मीच काढते, त्यामुळे आधी विभागप्रमुखांच्या मुद्द्याबद्दल.

यूजीसीचे २०१८चे नियम वाङ्मयचौर्याचे आहेत. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, मग १० ते ४०, ४० ते ६० आणि ६०च्या वर, असे टप्पे त्यात आहेत. ते टक्के साम्याचे. म्हणजे तुमचा मजकूर आधी छापलेल्या कशाशी तरी जुळतो, आणि कशाशी जुळतो ते शेजारी उघडून दाखवता येतं. एआयच्या टक्क्यांना असा शेजारी नसतो. बोट ठेवून ‘हे इथून घेतलं’ म्हणता येईल असं काहीच नसतं. शिवाय त्या नियमांत ‘स्क्रिप्ट’ कशाला म्हणायचं याची व्याख्या दिली आहे, त्यात असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि निबंध स्पष्टपणे वगळले आहेत. ते टप्पे प्रबंध, शोधनिबंध अशा लिखाणासाठी आहेत. एस.वाय.च्या असाइनमेंटला ते लावायचेच नाहीत, मग एआयच्या आकड्याला लावणं तर दूरच. ओंजळ ताई, ती नियमावली छापून घ्या आणि व्याख्येच्या पानावर खूण करून विभागप्रमुखांपुढे ठेवा. वाद न घालता काम होईल.

आता ७१ म्हणजे काय. मुलीने एआय वापरलं असण्याची शक्यता ७१ टक्के, असा त्याचा अर्थ नाही. टर्निटिन या अशा सॉफ्टवेअरच्या कंपनीने आपली पद्धत जाहीर केली आहे, तिचंच उदाहरण देते. मजकुराचे काही वाक्यांचे तुकडे पाडतात, तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात, प्रत्येक तुकड्याला यंत्र गुण देतं आणि त्यावरून वाक्यांना. मग एकूण गद्य मजकुरापैकी किती भाग यंत्राला एआयचा वाटला, तो आकडा वर छापला जातो. तक्ते, मुद्द्यांच्या याद्या त्यात धरत नाहीत. १ ते १९ टक्क्यांच्या मध्ये आलं तर ते आता आकडाच दाखवत नाहीत, नुसती चांदणी दाखवतात, कारण तिथे चुका जास्त होतात असं त्यांचंच म्हणणं आहे.

आणि एक गोष्ट तुमच्या केसला थेट लागू पडते. लेखाच्या पहिल्या आणि शेवटच्या काही वाक्यांवर चुकीची खूण पडण्याचं प्रमाण जास्त असतं, हेही त्यांनीच २०२३मध्ये सांगितलं होतं. प्रस्तावना आणि समारोप सगळ्यांचे सारखेच असतात. त्यामुळे आकडा बाजूला ठेवा आणि रंग कुठे पडलाय ते बघा.

सह्याद्रीकाठ (मंगळवार, पहाटे २:३०)

इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात शिकवतो. आमच्याकडे अशी प्रकरणं ज्या समितीकडे येतात तिच्यावर चार वर्षं आहे. बोलण्याच्या पद्धतीबद्दल लिहितोच, पण आधी तात्यांचा हिशेब, कारण तो फार जणांचा असाच चुकतो.

समजा १०० असाइनमेंट आहेत. २० जणांनी यंत्राकडून लिहून घेतलंय, ८० जणांनी स्वतः लिहिलंय. डिटेक्टरने २०पैकी १६ पकडले असं धरू. निर्दोषांत एक टक्का चूक धरली तर ८०मध्ये एखादा अडकतो. पकडलेल्या १७ जणांत निर्दोष एक. म्हणजे खात्री ९९ नाही, ९४ टक्के, पण इथवर तात्या जवळपास बरोबर आहेत. पण आपल्या वर्गात ती चूक एक टक्क्याऐवजी दहा टक्के असेल तर? ८०पैकी ८ अडकतात, पकडलेले होतात २४, आणि त्यातला प्रत्येक तिसरा निर्दोष असतो. हे माझे मानलेले आकडे आहेत. मुद्दा इतकाच की कंपनीचा एक टक्का तुमच्या वर्गाचा एक टक्का असेलच असं नाही. आणि तो एक टक्का खरा धरला तरी मोठ्या संस्थेत काय होतं बघा. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३मध्ये टर्निटिनचं हे यंत्र बंद केलं तेव्हा साधा गुणाकार मांडला होता: २०२२मध्ये त्यांच्याकडे ७५,००० पेपर तपासणीला आले होते, त्याचा एक टक्का म्हणजे ७५०.

आपल्या वर्गात चूक जास्त का असू शकते? यातली बरीच यंत्रं पुढचा शब्द किती अपेक्षित आहे ते बघतात. इंग्रजी गाइडमधून शिकलेली मुलं ‘प्लेज अ व्हायटल रोल’, ‘इन टुडेज वर्ल्ड’ अशी वाक्यं पाठ करून लिहितात. आम्हीही तसंच शिकलो. पुढचा शब्द अगदी अपेक्षित, म्हणून यंत्राला वाटतं यंत्रानेच लिहिलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३मध्ये सात डिटेक्टर तपासले. परदेशी विद्यार्थ्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध दिले, तर सरासरी ६१ टक्के निबंधांवर एआयचा शिक्का बसला. अमेरिकन आठवीच्या मुलांचे निबंध जवळपास सगळे सुटले. मग त्याच टोफेल निबंधांची शब्दसंपदा चॅटजीपीटीकडून वाढवून घेतली, तर शिक्का बसण्याचं प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास उतरलं. खरोखर यंत्राचा हात लागला तेव्हा ते निबंध सुटले. टर्निटिन त्या सातांत नव्हतं आणि यंत्रं त्यानंतर बदलली आहेत, हेही सांगायला हवं. पण हा धोका धरूनच चालावं.

तीन डिटेक्टरचंही असंच आहे. तिघं एकाच खुणेकडे बघत असतील तर त्यांचं एकमत म्हणजे एकाच साक्षीदाराला तीनदा विचारणं झालं.

गार्गीची_आई (मंगळवार, सकाळी ८:१५)

धागा बघून बरं वाटलं. माझ्या मुलाच्या प्रोजेक्टला ४० टक्के येतंय आणि सबमिशन शुक्रवारी आहे. ते १०च्या खाली कसं आणायचं? कुठलं तरी वाक्यं बदलून देणारं ॲप आहे म्हणतात. माहिती असल्यास कृपया द्या.

कार्डकॅटलॉग (मंगळवार, सकाळी ९:००)

ताई, इथे प्रश्न शिक्षकाच्या बाजूचा आहे. पण तुम्हाला सांगते, ते ॲप नका वापरू. मुलाने खरंच स्वतः लिहिलं असेल तर आता त्याच्यावर यंत्राचा हात फिरवल्यावर त्याच्याकडे खरं सांगायलाही काही उरणार नाही. त्यापेक्षा त्याचे कच्चे कागद, फोटो, जुन्या फाइली एका फोल्डरमध्ये ठेवायला सांगा आणि सरांना आधीच दाखवू दे.

दुसरा_बाक (मंगळवार, दुपारी १:२०)

मी एम.ए. करतोय. माझ्या बाबतीत हे झालंय, म्हणून लिहितो. गेल्या वर्षी एका विषयाच्या सरांनी वर्गात प्रोजेक्टरवर यादी लावली, नावापुढे टक्के. माझे ५८. मी ते लेखन वाचनालयात बसून आठ दिवस केलं होतं. सरांनी विचारलं, ‘खरं बोलायचंय की समितीकडे पाठवू?’ पन्नास मुलं बघत होती. माझ्या तोंडून शब्द फुटेना. मग सर म्हणाले, बघा, उत्तर नाही.

नंतर मी हस्तलिखित कागद नेऊन दिले, त्यांनी ते उघडलेही नाहीत. गुण अर्धे झाले. त्यानंतर मी मुद्दाम वाईट इंग्रजी लिहायला लागलो. चांगलं वाक्य सुचलं की भीती वाटते आणि मी ते मोडतो.

मॅडम, तुम्ही त्या मुलीशी एकटीशी बोला एवढंच सांगायचं होतं.

सह्याद्रीकाठ (मंगळवार, संध्याकाळी ७:१०)

दुसरा_बाक, तुम्ही गप्प राहिलात त्याला उत्तर न येणं म्हणत नाहीत. जे झालं ते चुकीचं होतं. संस्थेची तक्रार निवारण समिती असेल, तिथे लेखी द्या. कागद जपून ठेवा.

ओंजळ, आता बैठकीबद्दल.

मुलीला बोलावण्याआधी अर्धा तास निबंधासोबत बसा, रिपोर्ट बंद करून. तिने आधी वर्गात हाताने लिहिलेलं काही असेल तर शेजारी ठेवा. संदर्भ दिले असतील तर दोन-तीन उघडून बघा. लेख खरंच आहे का, त्या पानावर ते वाक्य आहे का. रचलेला संदर्भ ही डिटेक्टरपेक्षा कितीतरी ठोस गोष्ट आहे, कारण ती तुम्ही आणि विद्यार्थी दोघंही डोळ्यांनी बघू शकता. मग तीन-चार प्रश्न काढा जे फक्त या निबंधातून येतात.

निरोप धाडताना ‘तुझ्या असाइनमेंटबद्दल बोलायचंय, तुझी वही आणि कच्चं काम घेऊन ये’ एवढंच सांगा. एक दिवस मध्ये जाऊ द्या. शक्य असेल तर दुसरे कुणी शिक्षक शांतपणे बसलेले असावेत, तुमच्यासाठीही आणि तिच्यासाठीही.

सुरुवात निबंधापासून करा. ‘हा विषय कसा निवडलास, बाजारात कधी गेली होतीस, आधी काय लिहिलंस?’ लिहिण्याची गोष्ट तिला सांगू दे. आणि तिला मराठीत बोलू द्या. ज्याला इंग्रजीत स्वतःचं वाक्य समजावता येत नाही त्याला विषय येत नाही, असं आपण नकळत धरून चालतो. तिथेच घात होतो. दहा मिनिटांनी रिपोर्ट पुढे ठेवा आणि खरं ते सांगा: ‘सॉफ्टवेअरने या भागावर खूण केली आहे. ते चुकतं हे मला माहीत आहे. हा भाग कसा तयार झाला ते मला समजून घ्यायचंय.’ मग गप्प बसा. आपण शिक्षक शांतता सहन करत नाही आणि मुलांच्या तोंडात उत्तर घालतो.

गूगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर व्हर्जन हिस्टरी तिच्याच हाताने उघडायला सांगा. हळूहळू वाढत गेलेला मजकूर दिसला तर ते तिच्या बाजूने चांगलंच आहे. पण सगळा मजकूर एका मिनिटात आलेला दिसला तर लगेच निष्कर्ष काढू नका. मुलं मोबाइलच्या नोट्समध्ये लिहितात, व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवतात आणि मग चिकटवतात.

शेवटी जे बोललं गेलं ते पाच ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्या. निर्णय त्याच खोलीत देऊ नका.

तात्या_नगरकर (मंगळवार, रात्री ९:३०)

हिशेब पटला. तीन डिटेक्टरबद्दलही कान पकडतो. पण माझी खरी अडचण वेगळी आहे. बोलण्यात तरबेज असलेली पोरं अशा बैठकीतून सहज निसटतात. घाबरट पोरगा अडकतो. म्हणजे यंत्राचा अन्याय जाऊन बैठकीचा अन्याय येणार. यावर काय?

सह्याद्रीकाठ (मंगळवार, रात्री ११:४५)

यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, तात्या. समितीत मी हे होताना बघितलंय. त्यामुळेच मी बोलण्याला वहीपेक्षा, कच्च्या कागदांपेक्षा जास्त वजन देत नाही. अडखळणाऱ्याला मी नेहमी विचारतो, लिहून दाखवशील का? तिथेच दहा ओळी लिहू देतो. त्यानेही सगळे सुटतात किंवा सापडतात असं नाही.

ओंजळ (शुक्रवार, रात्री ८:५०)

सगळ्यांचे आभार. विभागप्रमुखांना नियमावली दाखवली. व्याख्येचं पान त्यांनी स्वतः मोठ्याने वाचलं आणि पालकांना पत्रं थांबवली. नऊपैकी सहा जणांशी बोलून झालंय. तीन प्रकारचं निघालं.

आधी ती मुलगी. वही घेऊन आली. त्यात बाजाराचा नकाशा होता, पेन्सिलने काढलेला: वडाखाली भाजीवाल्या, पाराजवळ मिरच्या, एसटी स्टँडच्या भिंतीला बांगड्या. प्रत्येक ठिकाणी किती बायका, किती पुरुष. बांगड्यावाल्या बाईचं बोलणं शब्दशः मराठीत उतरवलेलं. मी विचारलं, ‘मग इंग्रजी कसं केलंस?’ तर म्हणाली, ‘मॅडम, मधलं मीच केलं, तिचं बोलणं दुसरं कुणी बदलू नये असं वाटलं. पहिलं आणि शेवटचं मराठीत लिहून मोबाइलवर भाषांतर केलं, मग ॲपने व्याकरण सुधारलं. चालत नाही का?’

मी असाइनमेंटचा कागद काढला. त्यावर भाषांतराबद्दल, व्याकरणाच्या ॲपबद्दल एक ओळही नव्हती. मीच लिहिली नव्हती. मी तिला ते सांगितलं. यंत्राचा हात लागलाय हे त्या आकड्याने ओळखलं असेलही, पण विचार, निरीक्षण, मांडणी तिची होती आणि तेवढंच मी मागितलं होतं. गुण पूर्ण दिले. प्रस्तावना पुन्हा स्वतःच्या इंग्रजीत लिहून आण म्हटलं, गुणांसाठी नाही. काल आणून दिली. चुका आहेत, पण पहिलंच वाक्य तिच्या आजीच्या टोपलीबद्दल आहे.

दुसरी गोष्ट मी शोधत नव्हते. संदर्भ तपासायची सवय लागली म्हणून आकडा शून्य आलेले काही निबंधही बघितले. एकाने चार शोधनिबंध दिले होते. दोन मासिकांच्या त्या अंकात तसा लेखच नाही. त्याला बोलावल्यावर पाच मिनिटांत त्याने स्वतः सांगितलं की पूर्ण मजकूर चॅटजीपीटीचा आहे आणि मग दुसऱ्या ॲपमधून फिरवलाय. सॉफ्टवेअरने त्याला स्वच्छ ठरवलं होतं. त्याला पुन्हा लिहायला दिलंय.

तिसरा मुलगा मला झोपू देत नाही. ८४ टक्के. वही नाही, कच्चं काही नाही, फाइलमध्ये सगळा मजकूर रात्री एकदम आलेला. म्हणाला, दुकानात बसून मोबाइलवर लिहिलं, मग मोबाइल बिघडला. निबंधात ‘परस्परता’ या अर्थाचा शब्द चार वेळा आहे, त्याचा अर्थ त्याला सांगता आला नाही. पण त्याच्या दुकानासमोर गुरुवारी कोण कुठे बसतं, उधारी कशी चालते, कोण कुणाचा माल राखतं, हे त्याने वीस मिनिटं न थांबता सांगितलं. मी तो शब्द समजावण्यासाठी जे उदाहरण देणार होते तेच तो न विचारता देऊन गेला. लिहिलेला निबंध मात्र कुठल्याही गावाचा असू शकला असता.

तात्या_नगरकर (शुक्रवार, रात्री ९:२०)

मी असतो तर शून्य दिला असता, मागच्या आठवड्यापर्यंत. आता म्हणेन तोंडी परीक्षेचे गुण द्या.

कार्डकॅटलॉग (शुक्रवार, रात्री १०:००)

तोंडीचे गुण द्यायचे तर ६२ जणांना तोंडी हवी. एकट्यालाच घेतली तर ती शिक्षाच. आणि आधी जाहीर न केलेल्या पद्धतीने गुण कापले तर तो उद्या दाद मागेल. २०२४मध्ये हरियाणातल्या एका विधी विद्यार्थ्याचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं होतं, तिथेही भांडण अशाच रिपोर्टवरून होतं. विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केल्यावर याचिका निकाली निघाली, त्यामुळे मूळ प्रश्नावर न्यायालय काय म्हणालं असतं ते कळलंच नाही.

दुसरा_बाक (शुक्रवार, रात्री १०:३५)

मॅडम, त्याला ते वीस मिनिटांचं बोलणंच लिहून काढायला सांगा. मराठीत. तुमच्यासमोर बसून.

ओंजळ (शनिवार, सकाळी ७:१५)

असाइनमेंट मराठीत चालेल का हे आधी विचारावं लागेल, अभ्यासमंडळाच्या नियमांत इंग्रजी किंवा मराठी असं लिहिलंय, आमच्याकडे इंग्रजीचा आग्रह नंतर आला. सोमवारी विभागप्रमुखांशी बोलते. चाललं तर सगळ्या ६२ जणांना हा पर्याय द्यावा लागेल. त्या मुलाला गुरुवारी, बाजाराच्या दिवशी सुट्टी नसते, तेव्हा बुधवारी बोलावलंय. उरलेल्या तिघांशी मंगळवारी बोलणार आहे.